तातडीच्या गोळीनंतर आलेले रक्त पाळी म्हणून मोजावे का?

प्रश्न : माझे वय २४ आहे. पाळी दर २८ ते ३० दिवसांनी येते. ३ मेला पाळी आली. ११ मेच्या रात्री कंडोम फाटला म्हणून १२ मेला सकाळी तातडीची गोळी घेतली. १८ मेपासून चार दिवस अंगावरून गेले. पाळी येऊन गेली असे समजून २४ मेला काही न वापरता संबंध आला. २६ मेला घरी चाचणी केली, ती निगेटिव्ह होती. आज ८ जून आहे आणि पाळी नाही. मी गरोदर असेन का? गोळीमुळे पाळी कायमची बिघडली का?

उत्तर :

पाळी कायमची बिघडलेली नाही, हे सर्वांत आधी सांगते, कारण ती भीती मनात असली की पुढचे काही नीट वाचले जात नाही. या गोळीतले औषध शरीरात काही दिवसच राहते. ज्या चक्रात ती घेतली ते चक्र मागेपुढे होते, क्वचित त्यानंतरचे एखादेही होते, आणि मग पाळी आपल्या जुन्या वेळेवर येऊ लागते. गरोदर आहात की नाही, हे मात्र केवळ तारखांवरून मला किंवा अन्य कोणालाही सांगता येणार नाही. ते चाचणीवरूनच कळेल, आणि तुमच्या बाबतीत ती चाचणी दोनदा करावी लागेल : एकदा उद्या सकाळी आणि पुन्हा एकदा १४ जूनला.

दोनदा का, हे कळण्यासाठी १८ मेला आलेल्या रक्ताकडे नीट पाहावे लागेल. तुम्ही त्याला पाळी म्हटलेत आणि त्यानंतरचा प्रत्येक निर्णय त्या एका शब्दावर उभा राहिला. मी तालुक्याच्या गावी गेली बावीस वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे, आणि तातडीच्या गोळीनंतर नको असताना दिवस राहिल्याच्या ज्या हकिगती माझ्यासमोर येतात, त्यांतल्या कितीतरींमध्ये गोळीने आपले काम चोख केलेले असते. घात होतो तो गोळीनंतरच्या रक्ताला पाळी मानल्यामुळे. म्हणून रक्त का आले, एवढ्यापुरते उत्तर देऊन मला थांबता येणार नाही. त्या रक्ताचा अर्थ काय लावायचा आणि दिवस कुठून मोजायचे, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

आधी नेहमीची पाळी कशी येते ते पाहू. पाळीच्या पहिल्या दिवसापासून बीजकोषात एक बीजपुटिका वाढू लागते आणि तिच्यातून निघणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे आतले अस्तर जाड होत जाते. पुटिका पुरेशी वाढली की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच नावाच्या संप्रेरकाची एक मोठी लाट येते, आणि त्यानंतर साधारण दीड दिवसात स्त्रीबीज बाहेर पडते. बीज गेल्यावर मागे राहिलेली पुटिका पिवळसर होते आणि प्रोजेस्टेरॉन तयार करू लागते. हे प्रोजेस्टेरॉन अस्तराला धरून ठेवते. गर्भ राहिला नाही, तर साधारण दोन आठवड्यांनी ती पिवळी पुटिका सुकते, प्रोजेस्टेरॉन उतरते, अस्तराचा आधार जातो आणि ते रक्ताबरोबर सुटून येते. यालाच आपण पाळी म्हणतो. पाळी येणे ही खात्रीची खूण मानली जाते ती याच कारणाने : तिच्या आधी दोन आठवडे स्त्रीबीज सुटून गेलेले असते आणि त्या बीजापासून गर्भ राहिलेला नसतो.

तुम्ही घेतलेल्या गोळीत बहुधा दीड मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल होते. आपल्याकडे औषधांच्या दुकानात तातडीची गोळी म्हणून मिळते ती हीच. हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध आहे. एलएचची लाट सुरू होण्यापूर्वी ते पोटात गेले तर ती लाट दबते किंवा लांबते आणि स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही. गोळीचे मुख्य काम एवढेच आहे. लाट एकदा सुरू झाली असेल, तर गोळीचा फारसा उपयोग होत नाही, आणि गर्भ रुजला असेल, तर ती त्याला काही करत नाही. गोळी जितक्या लवकर घ्यावी तितके बरे, असे आम्ही सतत सांगतो ते या लाटेच्या आधी पोहोचण्यासाठी. तुम्ही रात्र उलटताच, चक्राच्या दहाव्या दिवशी गोळी घेतलीत. २८ ते ३० दिवसांच्या चक्रात स्त्रीबीज साधारणपणे चौदाव्या ते सोळाव्या दिवसाच्या आसपास सुटते, म्हणजे गोळी लाटेच्या आधी पोहोचली असण्याची शक्यता चांगली आहे. गोळीनंतर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली असेल, किंवा क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन अथवा फिटसाठी कार्बामाझेपिन वा फेनिटॉइन चालू असेल, तर मात्र हे गणित बदलते. तुम्ही तसे काही लिहिलेले नाही, म्हणून मी तसे काही नाही असे धरून पुढे जाते.

आता १८ मे. गोळीबरोबर प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाचा एक मोठा डोस शरीरात गेला. अस्तराच्या दृष्टीने हा अचानक मिळालेला आधार होता. औषध काही दिवसांत उतरले आणि आधार निघून गेला. तुमचे अस्तर तेव्हा दहा-बारा दिवसांचे, अर्धवट वाढलेले होते. त्यातले काही सुटले आणि सहाव्या दिवशी रक्त दिसले. गोळी चक्राच्या सुरुवातीच्या दिवसांत घेतली, की आठवडाभरात असे अंगावरून जाणे आम्ही नेहमी पाहतो. कोणाला दोन दिवस तपकिरी डाग पडतात, कोणाला चार-पाच दिवस पॅड लागेल एवढे जाते, तर कोणाला काहीच दिसत नाही. यांतले काहीही झाले, तरी त्यावरून गोळी लागू पडली किंवा पडली नाही, असा निष्कर्ष निघत नाही.

हे रक्त दिसायला पाळीसारखेच असते, कारण ते त्याच अस्तरातून येते. रंग, गाठी किंवा पोटातली कळ यांवरून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही, आणि बायका फसतात ते याच ठिकाणी. फरक त्याच्या मागच्या घडामोडीत आहे. खरी पाळी येते ती पिवळी पुटिका सुकल्यामुळे. हे रक्त आले ते गोळीचे औषध उतरल्यामुळे. याच्या आधी स्त्रीबीज सुटलेले असेलच असे नाही, उलट बहुधा ते सुटायचे राहिलेले असते. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ११ मेच्या रात्रीच्या संबंधातून गर्भ राहिलाच असता, तरी १८ मेपर्यंत तो गर्भाशयात जेमतेम रुजू लागला असता किंवा रुजलाही नसता, कारण स्त्रीबीज सुटल्यापासून गर्भ रुजायला सहा दिवस ते दीड आठवडा लागतो. म्हणजे १८ मेचे रक्त गरोदरपणाबद्दल कोणतीही साक्ष देऊ शकत नव्हते. ते आले म्हणून सुटलो असे नाही, आणि ते आले नसते तर अडकलो असेही नाही.

गोळी वेगळ्या दिवशी घेतली असती तर चित्र वेगळे दिसले असते. अनेक बहिणी एकमेकींचे अनुभव ताडून पाहतात आणि माझे असे का, म्हणून घाबरतात, यासाठी तेही थोडक्यात सांगते. चक्राच्या पहिल्या दीड-दोन आठवड्यांत गोळी घेतली तर मधे रक्त दिसण्याची किंवा पुढची पाळी लवकर आल्यासारखे वाटण्याची शक्यता अधिक असते. स्त्रीबीज सुटण्याच्या अगदी आसपास घेतली तर पाळी बरेचदा आपल्या वेळेवर येते किंवा काही दिवस लांबते. स्त्रीबीज सुटून गेल्यावर घेतली तर पाळी वेळेवर किंवा एक-दोन दिवस उशिरा येते आणि कधी नेहमीपेक्षा थोडी जास्त दिवस राहते. बहुतेक स्त्रियांची पाळी अपेक्षित तारखेच्या आधी किंवा नंतर सात दिवसांच्या आत येऊन जाते. तुमच्यासारख्या, मधे चार दिवस अंगावरून गेलेल्या बाईची पाळी मात्र त्याहूनही लांबू शकते.

माझ्या टेबलावर एक दिनदर्शिका नेहमी असते. अशी रुग्ण आली की मी ती तिच्यासमोर ठेवते आणि पेन तिच्याच हातात देते. रक्त दिसलेल्या प्रत्येक दिवसावर फुली, संबंध आलेल्या दिवसाभोवती गोल, आणि गोळी घेतलेल्या दिवसावर त्रिकोण. तुमच्या तारखा मी तशाच मांडल्या. ३ मेपासून फुल्या, ११ मेला गोल, १२ ला त्रिकोण, १८ ते २१ पुन्हा फुल्या, २४ ला दुसरा गोल. आता यातून दोन वेगवेगळ्या मोजण्या निघतात, आणि त्यांतली कोणती खरी, हे आज सांगता येत नाही.

पहिली मोजणी ३ मेपासूनची. गोळीने स्त्रीबीज काही दिवस पुढे ढकलले पण चक्र तेच राहिले, आणि १८ मेचे रक्त हे फक्त मधले अंगावरचे जाणे होते, असे यात धरायचे. नेहमीच्या हिशेबाने पाळी ३१ मे ते २ जूनच्या दरम्यान यायला हवी होती; सात दिवसांची सूट दिली तर ९ जूनपर्यंत. म्हणजे या मोजणीने तुम्ही आज सुटीच्या शेवटच्या टोकाला आहात.

दुसरी मोजणी १८ मेपासूनची. यात गोळीने वाढती पुटिका थांबवली, अस्तर सुटून गेले आणि बीजकोषाने १८ मेच्या सुमारास नवी पुटिका वाढवायला घेतली, असे धरायचे. मग स्त्रीबीज जूनच्या अगदी पहिल्या दिवसांत सुटले असेल आणि पाळी १५ ते १७ जूनला येईल. या मोजणीने तुमची पाळी आज चुकलेलीच नाही, तिला अजून आठवडा आहे. चक्राच्या दहाव्या दिवशी गोळी आणि सहा दिवसांनी चांगले चार दिवस रक्त, ही हकिगत ऐकली की माझा कल या दुसऱ्या मोजणीकडे अधिक जातो. पण हा कल आहे, निदान नव्हे.

आता २४ मेच्या गोलाकडे पाहा. दोन्हींपैकी कोणतीही मोजणी घेतली, तरी हा दिवस सुरक्षित नव्हता. पहिल्या मोजणीने स्त्रीबीज लांबून नेमके त्याच आठवड्यात सुटले असू शकते. दुसऱ्या मोजणीने ते आठवडाभराने सुटले असेल, आणि पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरते. पुटिका दोन-तीन दिवस लवकर तयार झाली असती तरी गाठ पडली असती. गोळी स्त्रीबीज पुढे ढकलते, म्हणजेच धोक्याचे दिवसही पुढे ढकलते, ही गोष्ट गोळीच्या पाकिटात घडी घालून ठेवलेल्या कागदावर असते. पण तो कागद कोणी उघडून वाचत नाही, आणि दुकानात गोळी पटकन कागदी पिशवीत घालून हातात दिली जाते, त्यामुळे तो सांगणाराही कोणी नसतो. या चक्रात ११ मेसाठी घेतलेली गोळी २४ मेला संरक्षण देत नव्हती.

गेल्या वर्षी एक नवविवाहित मुलगी मोबाइलमधले पाळीच्या नोंदीचे ॲप उघडून माझ्यासमोर बसली होती. गोळीनंतर तीन दिवस अंगावरून गेले तेव्हा तिने ॲपमध्ये पाळी सुरू अशी नोंद केली. ॲपने तिथून नवे चक्र धरले आणि पुढच्या दिवसांवर सुरक्षित म्हणून हिरवा रंग भरून दिला. त्या हिरव्या दिवसांतच तिला दिवस राहिले. ॲपला तिने गोळीबद्दल काही सांगितले नव्हते, आणि सांगण्याची सोयही त्यात नव्हती. तुमच्याकडे असे काही ॲप असेल, तर १८ मेची पाळी म्हणून केलेली नोंद पुसून टाका आणि तिथे नुसते डाग किंवा रक्त अशी नोंद ठेवा. पाळी नियमित होऊन दोन-तीन चक्रे जाईपर्यंत त्यातल्या रंगांवर विसंबू नका.

आता चाचणीकडे वळते. लघवीच्या चाचणीत एचसीजी हे संप्रेरक शोधतात, आणि ते गर्भ रुजल्यानंतरच तयार होऊ लागते. म्हणून चाचणी पाळी चुकल्याच्या दिवसावर नव्हे, तर संबंधाच्या दिवसावरून ठरवावी, विशेषतः गोळीमुळे पाळीची तारीखच डळमळीत झालेली असताना. नियम सोपा आहे : शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर २१ दिवस. त्याआधीची पॉझिटिव्ह चाचणी खरी मानायची, पण त्याआधीच्या निगेटिव्ह चाचणीवर भरवसा ठेवायचा नाही. २६ मेची तुमची चाचणी ११ मेनंतर पंधराव्या दिवशी आणि २४ मेनंतर दुसऱ्याच दिवशी झाली. पहिल्या संबंधासाठी ती लवकर होती आणि दुसऱ्यासाठी निरुपयोगी. ती विसरून जा.

११ मेनंतरचे २१ दिवस १ जूनला पूर्ण झाले. त्यामुळे उद्या सकाळची चाचणी निगेटिव्ह आली, तर ११ मेचा प्रश्न मिटला. २४ मेनंतरचे २१ दिवस १४ जूनला पूर्ण होतात. त्या दिवशीची चाचणीही निगेटिव्ह आली आणि मधे पुन्हा असुरक्षित संबंध आलेला नसेल, तर तोही प्रश्न मिटला. पाळी त्यानंतर कधीही येवो.

चाचणी सकाळच्या पहिल्या लघवीवर करा, कारण रात्रभरात ती घट्ट झालेली असते. भरपूर पाणी पिऊन दुपारी केलेली चाचणी सुरुवातीच्या दिवसांत चुकू शकते. पाकिटावरची मुदत संपलेली नाही ना, ते पाहा. ड्रॉपरने सांगितलेले दोन-तीन थेंबच खाचेत सोडा आणि घड्याळ लावून पाकिटावर लिहिलेल्या वेळेला, म्हणजे बहुधा पाचव्या मिनिटाला, पाहा. सी अक्षरासमोर रेघ उमटलीच नाही, तर चाचणी बाद समजून नव्या पट्टीवर करा. सी आणि टी दोन्हींसमोर रेघ असेल, तर टीसमोरची कितीही फिकी असली तरी ती पॉझिटिव्ह धरून डॉक्टरांकडे जा. अर्ध्या तासाने पुन्हा पट्टी हातात घेतली आणि पुसटशी राखाडी रेघ दिसली, तर तिला अर्थ नाही. वाळताना ती उमटते. केराच्या टोपलीतून पट्टी पुन्हा काढून पाहणाऱ्या आणि त्या रेघेने रात्रभर न झोपलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून हे लिहिते.

१४ जूनच्या आधी रक्त दिसले तर? ते नेहमीच्या पाळीसारखे, नेहमीच्याच दिवसांचे आणि प्रमाणाचे असेल, तर ती तुमची पाळी असण्याची शक्यता मोठी आहे. तरीही १४ जूनची चाचणी सोडू नका, कारण या चक्रात रक्तावर आपण एकदा विश्वास ठेवून पाहिला आहे. आणि पाळी नेहमीपेक्षा अगदी कमी आली, एक-दोन दिवस नुसते डाग पडून थांबले, तर चाचणी हवीच. काही वर्षांपूर्वी एक तिशीतली बाई ओटीपोटात उजवीकडे दुखते म्हणून आली. गोळी घेतल्याला महिना झाला होता आणि पाळी वेळेवर आली, फक्त जरा कमी आली, असे ती सांगत होती. त्यामुळे गरोदरपणाचा विचार तिच्या किंवा घरच्या कोणाच्याही मनात नव्हता. लघवीची चाचणी पॉझिटिव्ह निघाली, सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे होते आणि गर्भ उजव्या नळीत होता. ज्याला ती कमी आलेली पाळी समजत होती, ते नळीतल्या गर्भामुळे अंगावरून जाणे होते. वेळेत कळले म्हणून ती निभावली. गोळीमुळे नळीत गर्भ राहण्याचा धोका वाढतो असे नाही. पण गोळी घेऊनही गर्भ राहिला, तर तो कुठे राहिला हे पाहावेच लागते.

म्हणून पुढच्या काही गोष्टी घडल्या तर १४ जूनची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा. ओटीपोटात एका बाजूला सतत किंवा वाढत जाणारे दुखणे, चक्कर येऊन डोळ्यांसमोर अंधारी येणे, बेशुद्ध पडणे, किंवा पोटदुखीबरोबर खांद्याच्या टोकाला दुखणे, ही नळीतला गर्भ फुटण्याची लक्षणे असू शकतात. दर तासाला पॅड पूर्ण भिजते आहे आणि असे दोन तासांहून अधिक चालले आहे, तरीही जावे. ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर तो गोळीचा परिणाम नाही, त्याला वेगळी तपासणी लागते. आणि तिथे गेल्यावर गोळी घेतल्याचे लपवू नका. नुसते पोट दुखते म्हणून सांगितले तर अपेंडिक्सचा शोध सुरू होतो आणि महत्त्वाचे तास जातात.

या दिवसांत काय करू नये, हेही ठासून सांगायला हवे. पाळी लांबली की कोणीतरी पाळी आणणारी गोळी सुचवते. ती बहुधा नॉरएथिस्टेरॉन किंवा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन असते, म्हणजे पुन्हा प्रोजेस्टेरॉनच्याच घराण्यातले औषध. काही दिवस घ्यायचे, थांबवायचे आणि रक्त येण्याची वाट पाहायची. १२ मेच्या गोळीने जो घोळ घातला, तोच घोळ हे औषध नव्याने घालते, आणि दिनदर्शिकेवरच्या फुल्यांचा अर्थ लावणे मग मलाही कठीण होते. चाचणी निगेटिव्ह ठरून, डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय ते घेऊ नका. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे गर्भपाताच्या गोळ्यांचा संच दुकानातून आणून, चाचणीसुद्धा न करता, पाळी यावी म्हणून घेणे. ते औषध वेगळे आहे, त्याने होणारा रक्तस्राव वेगळा आहे, आणि नळीतल्या गर्भावर तो संच चालत नाही. रक्त आले म्हणून समाधान मानावे आणि नळीतला गर्भ वाढत राहावा, असा धोका त्यात असतो. तसेच २४ मेसाठी आता पुन्हा तातडीची गोळी घेण्यात काही अर्थ नाही. तिची वेळ ७२ तासांची, फार तर पाच दिवसांची होती, आणि ती उलटून गेली आहे.

दोन्ही चाचण्या निगेटिव्ह आल्या तर दुसऱ्या मोजणीप्रमाणे १७ जूनपर्यंत आणि त्यापुढे एक आठवडा वाट पाहायला हरकत नाही. २४ जूनपर्यंतही पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. एखाद्या वेळी गोळीच्या निमित्ताने आधीपासून असलेला थायरॉइडचा किंवा पीसीओएसचा त्रास उघड होतो आणि दोष गोळीला लावला जातो. तुमची पाळी आजवर २८ ते ३० दिवसांनी येत होती, त्यामुळे मला ते संभवनीय वाटत नाही. पण गेल्या काही महिन्यांत वजनात मोठा बदल, चेहऱ्यावर जास्त लव किंवा सततचा थकवा असे काही झाले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

चाचणी पॉझिटिव्ह आली, तर पहिले काम सोनोग्राफी, गर्भ गर्भाशयातच आहे याची खात्री करण्यासाठी. घेतलेल्या गोळीमुळे गर्भात दोष येत नाही, त्यामुळे त्या कारणाने घाईचा निर्णय घ्यावा लागत नाही. गर्भ ठेवायचा नसेल, तर कायद्याने तो हक्क विवाहित आणि अविवाहित दोघींनाही आहे. १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती त्यासाठी पुरते, पती किंवा पालकांची सही लागत नाही, आणि डॉक्टरांवर नाव गुप्त ठेवण्याचे बंधन आहे. हे मान्यताप्राप्त केंद्रातच करावे, आणि जितके लवकर जाल तितका उपचार सोपा असतो.

आजपासून १४ जूनपर्यंत प्रत्येक संबंधात कंडोम वापरा, किंवा शक्य असेल तर संबंध टाळाच, म्हणजे २१ दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागणार नाही. दुसरी चाचणी निगेटिव्ह आली की नियमित साधनाबद्दल डॉक्टरांशी बोला. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यासाठी पाळीची वाट पाहायलाच हवी असे नाही. गरोदर नसल्याची खात्री झालेली असेल तर त्या कोणत्याही दिवशी सुरू करता येतात, फक्त पहिले सात दिवस सोबत कंडोम लागतो. मायग्रेन, उच्च रक्तदाब, पायात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास किंवा धूम्रपान यांपैकी काही असेल, तर ते आधी सांगा, कारण मग गोळ्यांऐवजी तांबी किंवा दुसरे साधन सुचवावे लागते. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा या सगळ्या तारखा, फुल्या, गोल आणि त्रिकोणांसह, एका कागदावर मांडून न्या.